'द वायर'चा दुसरा सीझन, मास्तर आणि मी

नेरूळ स्टेशनबाहेरच्या टपरीवर काल परत आमची जुंपली. विषय जुनाच, 'द वायर'चा सगळ्यात भारी सीझन कुठला. मास्तर म्हणतो चौथा, मी म्हणतो दुसरा. मास्तर गणित शिकवतो आणि मी न्हावा शेवाच्या कामात आहे, म्हणजे कंटेनर, कागद, कस्टम आणि शिव्या. दोघंही आपापल्या धंद्याची बाजू घेतो असा आरोप चहावाल्या मामांनी केला. आरोप खराच आहे, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. (पुढे सगळे स्पॉयलर आहेत. मालिका 2002 ते 2008 मधली आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.)

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, पाच सीझन. पहिल्यात ड्रग्जची टोळी आणि तिचे फोन ऐकणारे पोलीस. दुसरा सीझन सुरू होतो आणि लोक गोंधळतात, कारण कथा एकदम बंदरावर जाते. नवीन माणसं, नवीन बोली, क्रेन. कितीतरी जण तिथेच सोडून देतात.

मास्तरचं म्हणणं असं, की हा सीझन मूळ कथेला फाटा फोडतो आणि परत येत नाही. "पाचव्यात तो बंदरावरचा निक एकदा समारंभात येऊन ओरडतो, संपलं. बंदर गेलं कुठे?"

अरे, बंदर गेलं हीच तर कथा आहे!

फ्रँक सोबोत्का हा बंदरावरच्या चेकर युनियनचा खजिनदार. चेकर म्हणजे जहाजातून उतरणाऱ्या डब्यांची नोंद करणारा. आपल्याकडे टॅली क्लार्क म्हणायचे तसाच. जहाजं कमी झालीत, पोरांना आठवड्यातून थोडेच दिवस काम मिळतं. फ्रँकला जहाजांचा कालवा खोल करून हवा आहे आणि धान्याचा जुना धक्का परत चालू करायचाय. त्यासाठी पुढाऱ्यांना पैसे चारावे लागतात आणि युनियनकडे पैसे नाहीत. मग तो 'द ग्रीक' नावाच्या तस्कराचे डबे गुपचूप बंदराबाहेर काढून देतो. त्यातून स्वतःसाठी बंगला बांधत नाही.

हे डबे गायब कसे करतात, हे मी मास्तरला कपाखालच्या कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा असतो. तो शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. त्यामुळे एखादा आकडा चुकून वेगळा पडला तर बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही आणि कॉम्प्युटर अडवतो. म्हणजे नंबर चुकीचा टाकून डबा लपवायचा म्हटलं तर भानगड लगेच उघडी पडते. त्यापेक्षा सोपं काय? नोंदच करायची नाही. डबा जहाजावरून उतरला, ट्रकवर चढला, पण यार्डात आल्याची नोंद कुणी केली नाही. नंतर विचारलं तर, "एवढ्या रांगांत असेल कुठेतरी, शोधतो." हजारो डब्यांच्या यार्डात हे उत्तर चालून जातं. डबे खरोखरच चुकीच्या रांगेत जातात, आम्ही स्वतः उन्हात हिंडून शोधलेत. खोट्याला असा खऱ्याचा आधार आहे म्हणून ते टिकतं. त्याच्या तोडीला पोलिसांनी काढलेली युक्तीही साधी. ते बंदराचा कॉम्प्युटर आपल्या ऑफिसात बसून बघत राहतात. जहाज रिकामं होत असताना कुठला डबा पडद्यावरून नाहीसा होतो आणि त्या वेळी ड्यूटीवर चेकर कोण होता, एवढंच जुळवायचं. एकाच माणसाच्या पाळीत वारंवार डबा हरवत असेल, तर तो निष्काळजीपणा उरत नाही.

सगळं फुटतं ते मात्र एका सीलमुळे. बीडी रसेल नावाची बंदर पोलिसातली बाई यार्डात फिरताना एका डब्याचं सील तुटलेलं बघते. आत तेरा बायकांची प्रेतं. हवेसाठीचा पाइप ठोकून बंद केलेला. बीडी काही मोठी डिटेक्टिव्ह नाही, तोवर साधी फिरती ड्यूटी करणारी. पण सील बघायची सवय असते ना, त्या सवयीने हे घडवलं. मला गुन्ह्याच्या मालिकेत असं हवं असतं. मध्यरात्री शोध लावणारा अलौकिक हिरो नको.

आता मास्तरचा चौथा सीझन. मास्तर बोलायला लागला की कटिंग थंड होतो, पण त्याचं बोलणं टाकाऊ नाही. चार शाळकरी पोरं: मायकल, नेमंड, रँडी, ड्युकी. पोलीस खात्यातून बाहेर पडलेला प्रेझ गणिताचा शिक्षक होतो. वर्ग हाताबाहेर गेलेला. मग तो फाशांवरून संभाव्यता शिकवतो आणि पोरं हिशोब करायला लागतात. इथपर्यंत कुठल्याही शाळेच्या सिनेमात शोभेल. मास्तरला आवडतं ते पुढचं. शाळेत गैरहजर पोरांना पकडून आणणारी माणसं नेमली जातात, पण सप्टेंबरात एक दिवस आणि ऑक्टोबरात एक दिवस हजेरी लागली की बास, कारण अनुदानाला तेवढं पुरतं. मग परीक्षेचे आकडे वर दाखवायला फक्त परीक्षेपुरतं शिकवायचं. प्रेझ लगेच ओळखतो, हे तर पोलीस खात्यासारखंच चाललंय.

"मी रोज हेच करतो," मास्तर म्हणाला. "पोर्टलवर भरतो आणि मग शिकवायला वेळ उरला तर शिकवतो." आणि मालिका लिहिणाऱ्यांपैकी एड बर्न्स आधी पोलीस आणि मग शिक्षक होता, हे तो दर वेळी सांगतो, जणू काही तो त्याचा सहकारी आहे.

पण मास्तर, आकड्यांचा हा खेळ दुसऱ्यातही आहेच की! त्या तेरा बायका आणि पाण्यात सापडलेली चौदावी. कुठल्याही खात्याला हे खून आपल्या नावावर नको असतात, कारण उकलीचा टक्का खाली येतो. बोटीच्या ड्यूटीवर टाकलेला पोलीस मॅकनल्टी भरतीओहोटी आणि वाऱ्याचा हिशोब करून ती बाई शहराच्या हद्दीतली ठरवतो, तेही निव्वळ साहेबाला डिवचायला. मेलेल्या बायकांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, आकडा मात्र सगळ्यांना पाठ.

आणि आपण मराठी माणसांना हा सीझन कळायला अवघड का जावा? फ्रँकच्या धान्याच्या धक्क्यावर शेवटी काय येतं, तर श्रीमंतांचे फ्लॅट. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्यांचं काय झालं ते बघायला लोअर परळच्या पुलावर उभं राहिलं तरी पुरे. तो रॉटरडॅमच्या यंत्रबंदराचा स्लाइड शो बघतानाचा फ्रँकचा चेहरा आठवा. समोरचा माणूस उत्साहाने सांगतोय, अपघात कमी, वेग जास्त, आणि फ्रँकला दिसतंय, माणसं शून्य.

झिगी मला झेपत नाही, हे कबूल. फ्रँकचा तो पोरगा निम्मा सीझन डोक्यात जातो. मास्तरने हाच मुद्दा धरून ठेवला. उलट चौथ्यात रँडीचं जे होतं, पोलिसांना दोन शब्द सांगितले म्हणून घर जाळलं जातं आणि तो परत अनाथगृहात, ते मी दुसऱ्यांदा बघू शकलेलो नाही. ते बघून जास्त त्रास होतो, हे खरं. पण जास्त त्रास देणारा सीझन म्हणजे चांगला सीझन, हे मला मान्य नाही. गुन्हा कसा चालतो, कुणाच्या पोटासाठी आणि कुठल्या कागदाच्या फटीतून, हे दुसऱ्याइतकं उघडून मला कुठेच दाखवलेलं नाही.

माझा क्रम: दुसरा, चौथा, तिसरा, पहिला, पाचवा. मास्तरचा फक्त वरच्या दोघांत उलटा. पाचव्याबद्दल आमच्यात वाद नाही. मामांनी अजून एकही सीझन पाहिलेला नाही, पण आमचं ऐकून ऐकून ते ठामपणे सोबोत्काच्या बाजूने आहेत. मास्तरने त्यांचं मत धरायला नकार दिलाय.

तुमचा क्रम खाली टाका. मास्तर वाचतोय.