फोटोतली माणसं वारलीत उतरवताना

अलिबागजवळच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणातला १९९६ सालचा एक फोटो आहे. आत्याच्या साठीला तो वारली शैलीत रंगवून द्यायचं मी ठरवलं. पहिलं चित्र साफ फसलं.

मी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवला, प्रत्येकाची बाह्यरेषा काढली आणि आत त्रिकोण बसवले. फोटोत सात जण ओळीने, कॅमेऱ्याकडे बघत उभे. वारलीत नाक-डोळे काढत नाहीत, त्यामुळे सात सारख्या बाहुल्या तयार झाल्या. आईला दाखवलं तर म्हणाली, "यातली मी कुठली गं?" मला सांगता येईना.

माझं ठाम मत झालंय की फोटो जसाच्या तसा उतरवूच नये. वारली चित्रातला माणूस ओळखू येतो तो त्याच्या कामावरून. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची मासेमारीची चित्रं बघा, जाळं टाकणाऱ्याला चेहरा लागतच नाही. मग मी आईला विचारलं, फोटोसाठी हाक मारली तेव्हा कोण काय करत होतं? आजी सुपात तांदूळ पाखडत होती, बाबा रहाटावर पाणी काढत होते, आत्या आईची वेणी घालत होती. दुसऱ्या चित्रात तेच काढलं.

सगळी गंमत कमरेत आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडायचे. वरचा त्रिकोण पुढे कलला की माणूस वाकतो, मागे कलला की ओढतो. बाबांचा तेवढा एक त्रिकोण मागे कलवला आणि दोराला ताण आला. कंबर जाड राहिली तर मात्र आकृती खिळ्यासारखी ताठ दिसते. आधी त्रिकोण भरावेत, हातपाय बारीक रेषेने शेवटी.

मांजरपाटावर नुसता पाण्यातला गेरू लावला तर तो बोटाला येतो आणि वरचा पांढरा रंग गुलाबी पडतो. म्हणून गेरूत थोडा फेविकॉल घातला, दोन हात दिले, रात्रभर वाळवलं आणि कोरडं बोट घासून पाहिलं. पारंपरिक पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, डिंक घालून केलेला, आणि कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. कापडाची घडी घातली की पिठाचे पोपडे निघतील म्हणून मी पांढरा अ‍ॅक्रिलिक वापरला.

दादाचा आग्रह होता की आजी-आजोबांभोवती चौक काढ, छान दिसेल. मी नाही काढला. लग्नचौक वारली घरात लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर लिहितात आणि त्याच्या आत पालघट देवी असते. तिच्या जागी आपली माणसं बसवायची आणि त्याला नक्षी म्हणायचं, हे मला पटत नाही. त्या जागी आमच्या अंगणातला आंबा काढला, आणि मागे लिहिलं, "वारली शैलीवरून".

आत्याने चित्र हातात घेतलं आणि आधी वेणीवर बोट ठेवलं.