आमटीची भाऊकी

आमच्या घरची आमटी ही दोन प्रदेशांची तडजोड आहे. मी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याचा, म्हणून तिच्यात गूळ आणि कढीपत्ता. बायको मालवणची, म्हणून आमच्या चिंचेला उठवून त्या जागी कोकम बसलेलं. ही तडजोड अंबडात सुखानं नांदली असती. पण नोकरीनं आम्हाला अमेरिकेतल्या आयोवात नेऊन टाकलं. तिथं जिकडं बघावं तिकडं मका आणि सोयाबीन, म्हणजे तसा मराठवाडाच. फक्त पारावर कुणी बसलेलं नसतं आणि भारतीय दुकान गाडीनं दोन तासांवर असतं.

सुट्टीत गावी आलो की ओसरीवर चौकशी समिती बसते. अध्यक्ष आत्याबाई. पगार, घर, हवामान असले किरकोळ विषय दोन मिनिटांत उरकतात आणि समिती मुद्द्यावर येते.

"तिकडं गूळ भेटतो का?"

भेटतो, पण गुळाच्या नावानं नाही. तिथल्या मोठ्या दुकानांत ब्राऊन शुगर नावाची ओलसर तपकिरी साखर मिळते आणि गुळाऐवजी तीच वापरा असं जो तो सांगतो. तिच्या रंगावर जाऊ नये. बहुतेक वेळा ती शुद्ध केलेली पांढरी साखरच असते, वरून थोडी मळी परत चोळलेली. आमटीत टाकली की गोडी येते, पण गुळाचा तो किंचित खारट, खरपूस खालचा सूर येत नाही. आमटी नुसतीच गोड लागते, लग्नात वरपक्षाशी बोलणाऱ्या माणसासारखी.

खरा गूळ सापडला तो मेक्सिकन किराणा दुकानात. आयोवातल्या आमच्या गावात मांस कारखान्यामुळे मेक्सिकन वस्ती आहे, तिथं कोपऱ्यावर एक दुकान आहे. फळीवर तपकिरी, कठीण, निमुळते सुळके मांडलेले. नाव पिलोन्सियो. उसाचा रस आटवायचा आणि साच्यात ओतायचा, मळी काढायची नाही. म्हणजे आपली ढेपच, फक्त आकार देवळाच्या कळसाचा. नख लावून बघितलं, लागलं नाही. वास घेतला आणि दुकानात उभ्या उभ्या गुऱ्हाळावर पोचलो. वाटीभर तुरीच्या डाळीला सुपारीएवढा खडा पुरतो. तो बत्त्यानं फोडावा लागतो आणि गरम पाण्यात विरघळवूनच घालावा, नाहीतर पातेल्याच्या बुडाशी तसाच बसून राहतो आणि शेवटी जो वाढून घेईल त्याच्या वाटीत गोडाचा सगळा साठा येतो. आमच्याकडं तो मीच असतो.

"बरं, गुळाचं मिटलं," आत्याबाई म्हणाल्या. "अन् सुनेचं कोकम?"

कोकम वाळलेलं, त्यामुळे प्रवासाला सोशिक. सासूबाई डबा भरून देतात. पण बायको सोलकढीही करते, त्यामुळे डबा होळीच्या आसपास तळ दाखवतो आणि मग घरात तणाव वाढतो. मी दबक्या आवाजात चिंचेचं नाव काढतो. त्याच मेक्सिकन दुकानात चिंचेच्या अख्ख्या शेंगा मिळतात, हेही सांगून बघतो. ती म्हणते, "चिंच घालायची तर माझ्याशी लग्न कशाला केलंस?" याला उत्तर नाही. लिंबू चालेना, कारण लिंबाचा आंबटपणा वर तरंगतो आणि आमटी उकळली की सुगंध निघून जातो. व्हिनेगरबद्दल मी बोलणार नाही, आमचं घर टिकायला हवं.

तोडगा पुन्हा त्याच दुकानात निघाला. एका पोत्यात गडद लाल, सुरकुतलेली, फुलासारखी काहीतरी वाळवण होती. पाटीवर हमायका. ते लोक त्याचं लाल सरबत करतात. मी एक तुकडा चघळला आणि ओळख पटली. लाल अंबाडीची बोंडं! बी काढून वाळवलेली. कोकमात जे खास आम्ल असतं, त्याच्या जवळच्या नात्यातलं आम्ल या बोंडांत असतं, आणि रंगही तसाच लाल. जिथं चार-पाच कोकमं घालतो तिथं सहा-सात बोंडं अर्धी वाटी कडक पाण्यात दहा मिनिटं भिजवायची आणि ते पाणी गाळून घ्यायचं. बोंडं पिळायची नाहीत. पिळली किंवा तासभर विसरली तर जीभ कोरडी पडते, कच्च्या सुपारीनं पडते तशी. आणि हे पाणी डाळ शिजून घोटल्यावरच घालायचं. आंबट आधी पडलं की डाळ हट्टाला पेटते, कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा मऊ होत नाही. हळदीत मिसळल्यावर रंग विटकरी-जांभळट होतो. डोळे मिटून खाल्लं तर बायको "बरं आहे" म्हणते. मालवणात ही पदवी सहजासहजी मिळत नाही.

हे ऐकून आत्याबाईंचा तोंडाला लावलेला पदर खाली आला. "अंबाडीची बोंडं? डॉलर देऊन? ती आपल्या बांधावर वाळून पडत्यात, शेळ्यासुद्धा बघत न्हाईत!"

राहिला कढीपत्ता. इथं मात्र अण्णा मध्ये पडले. त्यांची मोसंबीची बाग आहे. आईनं माझ्या बॅगेत, मोज्यांच्या आत कढीपत्त्याची जुडी दडवलेली त्यांनी नेमकी काढली.

"हे न्यायलास?"

"आमटीला, अण्णा."

"अन् ह्याच्यावर बसलेला सायला? त्याचं तिकीट काढलं का?"

सायला म्हणजे मोसंबीच्या नवतीवर बसून रस शोषणारी बारीक कीड. जालन्याच्या बागायतदाराला तिच्याबद्दल सांगायला नको. ती ग्रीनिंग नावाचा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. मग पानं ठिपक्याठिपक्यांनी पिवळी पडतात, फळं वेडीवाकडी आणि हिरवीच राहतात, झाड हळूहळू वाळतं. औषध नाही. कढीपत्ता मोसंबीच्याच भाऊकीतला, म्हणून सायला त्याच्यावरही खुशाल अंडी घालतो. 2005 साली हा रोग फ्लोरिडात सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांचं कंबरडं मोडलं. म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर प्रवाशाचा कढीपत्ता ठेवून घेतात. त्यासाठी बीगल जातीची लांब कानांची कुत्री ठेवलेली असतात, बॅगांच्या रांगेतून हुंगत फिरतात. आमच्या मोज्यांतून कढीपत्त्याचा वास निवडून काढणं म्हणजे त्या कुत्र्याला पदकच द्यायला हवं होतं, पण अण्णांनी ती संधी दिली नाही.

आता बदली कढीपत्त्याबद्दल. सगळे सांगतात, बे लीफ घाला, वर लिंबाची साल किसा. बे लीफ हे आपलं तमालपत्र नव्हे. आपल्या पानावर तीन लांब शिरा, दालचिनीकडे झुकणारा वास. त्यांच्या पानाला मधली एकच शीर आणि वास औषधाच्या कपाटाचा. लिंबाची साल त्यातल्या त्यात बरी, कारण तीही भाऊकीतलीच. हिरव्या सालीची वरवरची चिमूटभर कीस घ्यावी, खालचा पांढरा भाग येऊ देऊ नये. तीही गॅस बंद केल्यावर घालून झाकण ठेवायचं. फोडणीत टाकली की कडू. एवढं करून आमटीला लिंबाचा वास येतो. कढीपत्त्याचा येत नाही. तो तेलात तडतडताना सुटतो, आणि तडतडणारं दुसरं पान मला तरी तिकडं सापडलेलं नाही.

म्हणून मी कढीपत्त्याची जागा रिकामीच ठेवतो. लसूण थोडी जास्त ठेचतो, जिरं-मोहरी नीट फुलू देतो आणि आईनं दिलेला येसर, म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, एक चमचा पाण्यात कालवून घालतो. आमटी दाट होते, खमंग होते, आणि कढीपत्ता नाही हे ज्याला माहीत नाही त्याला कळत नाही.

आत्याबाईंना माहीत होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, क्षणभर विचार केला आणि आईकडं वळून म्हणाल्या, "वहिनी, येसर दोन किलो दे. मोजे काढून टाक."