‘वर गेलं तर तोटा नाही, खाली गेलं तर ठरलेला’ म्हणे!

“ब्रोकन विंग बटरफ्लाय लावा. क्रेडिट आधीच खिशात. निफ्टी वर गेला तर तोटा शून्य, खाली आला तर तोटा ठरलेला. मार्जिन भरा आणि एक्सपायरीपर्यंत हात लावू नका, निवांत झोपा. शेअर्समध्येही हेच चालतं.”

हा फॉरवर्ड मेहुण्याने कौटुंबिक ग्रुपवर टाकला, वर “बघा, रिस्कच नाही” अशी जोड. म्हणून लिहितोय. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, विकण्याचा हक्क. ब्रोकन विंग बटरफ्लायमध्ये मधल्या स्ट्राइकचे दोन पुट विकायचे आणि वर-खाली एकेक विकत घ्यायचा. हे विकत घेतलेले दोन म्हणजे पंख, त्यातला खालचा मुद्दाम लांब ठेवलेला. मार्जिन म्हणजे त्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची अनामत.

वरच्या बाजूचं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य करून टाकू. निफ्टी 25,000 वर आणि एक्सपायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायला, आठवडा बाकी, असं धरू. 24,800 चा एक पुट 90 ला घेतला, 24,700 चे दोन 66 ने विकले, 24,500 चा एक 34 ला घेतला (भाव उदाहरणादाखल). दिले 124, आले 132, म्हणजे क्रेडिट 8 पॉइंट. 65 च्या लॉटला 520 रुपये. एक्सपायरीला निफ्टी 24,800 च्या वर राहिला तर सगळे पुट शून्य होतात आणि हे 520 आपले. त्यातून ब्रोकरेज, एसटीटी हा व्यवहार कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक वजा करा, मग “खिशात” किती उरलं ते बघा.

पण हे 8 पॉइंट येतात कुठून? 24,600 चा पुट 47 ला आहे असं धरा आणि पोझिशन मनातल्या मनात दोन तुकड्यांत फोडा. 24,800-24,700-24,600 ची साधी बटरफ्लाय 5 पॉइंटला विकत घेतली, आणि 24,600-24,500 चा पुट स्प्रेड, म्हणजे वरचा विकून खालचा घ्यायची जोडी, 13 ला विकला. क्रेडिट सगळं त्या विकलेल्या स्प्रेडचं आहे, आणि तो कुणी फुकट विकत घेत नाही. 24,592 च्या खाली तोटा सुरू होतो, 24,500 ला तो 92 पॉइंट, म्हणजे 5,980 रुपये होतो आणि तिथे थांबतो. एक पूर्ण तोटा अशी अकरा क्रेडिट खाऊन वर उरतो. ‘ठरलेला’ म्हणजे ‘लहान’ असं कुणी सांगितलं?

शिवाय या पोझिशनचा नफा-तोट्याचा तंबूसारखा आलेख एक्सपायरीच्या क्षणाचा असतो, उद्याचा नाही. दुसऱ्याच दिवशी निफ्टी 300 पॉइंट पडून 24,700 वर आला आणि व्होलॅटिलिटी, म्हणजे बाजाराला वाटणारी चढ-उताराची शक्यता, चढली, तर पुटांचे भाव साधारण 244, 189 आणि 111 होतील. बाहेर पडायला 23 पॉइंट मोजावे लागतील. आलेखावर त्या जागी 108 चा नफा दिसतो, स्क्रीनवर मात्र 15 पॉइंटचा तोटा. घाबरून लोक चुका करतात त्या नेमक्या इथे.

आता सगळ्यात घातक वाक्य: “एक्सपायरीपर्यंत हात लावू नका.” सेबीच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार एक्सपायरीच्या दिवशी इंडेक्सच्या विकलेल्या प्रत्येक ऑप्शनवर कराराच्या मूल्याच्या 2 टक्के जादा मार्जिन लागतं. आदल्या दिवसापासून चालत आलेली पोझिशनही त्यातून सुटत नाही. आपण दोन लॉट विकलेत. 25,000 गुणिले 65 गुणिले 2, त्याचे 2 टक्के: 65,000 रुपये. जास्तीत जास्त तोटा 5,980 चा, आणि एका सकाळी खात्यात 65,000 जादा हवेत! ते नसले तर ब्रोकर पोझिशन कापू शकतो, आणि तो तुमच्या सोयीची वेळ बघणार नाही.

मग माणूस स्वतःच हात लावतो, तोही उलट्या टोकाला. 24,500 चा पुट दोन-तीन रुपयांवर आलेला असतो. “हा कशाला ठेवायचा” म्हणून तो विकून टाकतो. विकलेल्या दोन पुटांपैकी एकाला 24,800 चा आधार आहे, दुसरा त्या क्षणी उघडा पडतो. मार्जिन कमी होण्याऐवजी उसळतं आणि खालचा तोटा ‘ठरलेला’ राहत नाही. क्रम पक्का ठेवा: शिरताना आधी दोन्ही विकत घ्यायचे, मग विकायचे. बाहेर पडताना आधी विकलेले दोन परत घ्यायचे, मगच पंख सोडायचे. आणि शक्यतो एक्सपायरीच्या आदल्या दिवशीच बाहेर पडा.

शेअर्सचं थोडक्यात. निफ्टीचे ऑप्शन रोखीत मिटतात, शेअर्सचे डिलिव्हरीने. भाव मधल्या आणि खालच्या स्ट्राइकच्या मध्ये बंद झाला, तर विकलेल्या दोन पुटांमुळे दोन लॉट घ्यावे लागतात आणि वरच्या पुटामुळे एक देता येतो. उरलेल्या एका लॉटच्या शेअर्सची पूर्ण किंमत भरावी लागते, आणि एक्सपायरीच्या आधीचे काही दिवस डिलिव्हरी मार्जिन रोज वाढत जातं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो आकडा सोयीस्करपणे गाळलाय.