`Mr`, `Dr` पुढचं टिंब आणि कॅपिटलमधला पत्ता: त्या फॉरवर्डला उत्तर

«`Mr` आणि `Dr` ही शॉर्ट फॉर्म आहेत, म्हणून पुढे फुलस्टॉप हवाच. फुलस्टॉप नसेल तर `Dr` म्हणजे डेबिट. पाकिटावरचा पत्ता पूर्ण कॅपिटलमध्येच लिहावा, नाहीतर पोस्टाचं मशीन वाचत नाही आणि पत्र परत येतं. आपल्या भागातल्या मुलांना हे कोणी शिकवत नाही, म्हणून पुढे पाठवा.»

बेळगावात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, लेटरहेड, दवाखान्याच्या पाट्या, पाकिटं, हेच रोजचं काम. गेल्या महिन्यात एक डॉक्टरीणबाई छापून तयार असलेली दोन हजार लेटरहेडं घेऊन परत आल्या. त्यांच्या मुलीच्या मोबाईलवर हा निरोप आला होता आणि आपल्या नावाआधी टिंब नाही हे बघून बाई घाबरल्या होत्या. सगळं रद्द करून नव्याने छापा म्हणाल्या. मी छापलं नाही. का छापलं नाही ते इथे लिहितो, कारण हा निरोप आता शाळांच्या ग्रुपवरही फिरतोय.

पहिली गोष्ट शॉर्ट फॉर्मची. इंग्रजीत शब्द आखूड करायच्या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. एकीत शब्द मध्येच तोडतात आणि पुढचा भाग सोडून देतात. प्रोफेसरचं `Prof.` होतं, कॅप्टनचं `Capt.` होतं. दुसरीत पहिलं आणि शेवटचं अक्षर ठेवतात आणि मधला भाग काढतात. डॉक्टरमधला `D` आणि शेवटचा `r` राहिला की `Dr`, मिस्टरमधला `M` आणि शेवटचा `r` राहिला की `Mr`. ब्रिटिश पद्धतीत टिंब म्हणजे शब्द इथे तुटला याची खूण. `Dr` मध्ये शब्दाचं शेवटचं अक्षर हजर आहे, म्हणून तिथे टिंब देत नाहीत. इंग्रजीच्या वापरावर कोश लिहिणारे हेन्री फाउलर यांनी हा भेद 1926 साली ठामपणे मांडला आणि पुढे ब्रिटिश छपाईत तोच रुळला. त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकांत `Mr.` सर्रास सापडतं. त्यामुळे आजोबांच्या सर्टिफिकेटवर टिंब दिसलं तर तेही चूक नाही, ती त्या काळची रीत आहे.

अमेरिकेत हा भेद करत नाहीत. तिथे `Mr.`, `Mrs.`, `Dr.`, `Prof.` सगळ्यांना टिंब. म्हणजे दोन्ही रूपं शुद्ध आहेत, फक्त घराणी वेगळी. आपल्या शाळांतलं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं असतं आणि कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा अमेरिकन सेटिंग असतं. तिथून घोळ सुरू होतो. माझ्याकडे जे मजकूर येतात त्यांत एकाच पानावर वर `Dr` आणि खाली `Dr.` असतं. चूक शोधायचीच असेल तर ती तिथे आहे. मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो की टिंब हवं की नको, आणि मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच ठेवतो.

शेवटचं अक्षर तपासायची ही युक्ती आपल्या पत्त्यांवर लावून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्या मर्यादाही तिथेच दिसतात. महाराष्ट्रातून आलेल्या पत्त्यात तालुक्यासाठी `Tal.` असतं. शब्द तुटला, म्हणून टिंब. आपल्याकडे कर्नाटकात `Tq` लिहितात. तालुक्याचं `q` ने संपणारं स्पेलिंगही चालत आलंय, त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर म्हणजे `Tq`, म्हणून ब्रिटिश रीतीने टिंबाची गरज नाही. `Dist` मात्र दोन्हीकडे बसतं. डिस्ट्रिक्ट शब्द चौथ्या अक्षरावर तोडला असं म्हणा, किंवा शेवटचा `t` ठेवला असं म्हणा. कोणी `Dist` लिहो, कोणी `Dist.` लिहो, मी दोन्ही सोडतो. आणि नंबरचं `No.` हा तर सरळ अपवाद. ते लॅटिन शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर आहे, म्हणजे नियमाने टिंब नको, तरी ब्रिटिश छपाईतही देतात, कारण टिंब काढलं तर तो नकाराचा शब्द वाचला जातो. घर क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लिहिताना, `H. No.` असो की `CTS No.`, हे टिंब राहू द्यावं.

आखूड केलेल्या शब्दाला टिंब हवंच, हा जगाचा नियम नाही हे कळायला बेळगावातून बाहेर जावं लागत नाही. कुठल्याही तीन भाषांच्या दवाखान्याची पाटी बघा. मराठीत `डॉ.` असतं आणि तिथे टिंब हवंच, कारण मराठीची रीत तशी आहे. कन्नडमध्ये `डा` पुढे बऱ्याचदा दोन उभ्या रेघा मारलेल्या असतात. हिंदी पुस्तकांत टिंबाऐवजी बारीक शून्य असलेलं `डॉ०` दिसतं. इंग्रजीत `Dr` असतं. चारही ठिकाणी माणूस तोच, पदवी तीच, खूण मात्र त्या त्या लिपीच्या छपाईने ठरवलेली. मराठीतलं टिंब इंग्रजीवर लादायचं कारण नाही, तसंच इंग्रजीत नाही म्हणून मराठी `डॉ.` मधलं काढायचंही नाही. हे दुसरं आता पत्रिकांत वाढत चाललंय आणि ते मला जास्त खटकतं.

डेबिटचा मुद्दा लवकर संपतो. पासबुकात आणि खतावणीत डेबिटसाठी `Dr` ही छापतात आणि `Dr.` ही. तिथे अर्थ रकान्याने ठरतो, टिंबाने नाही. नावाआधी आलेलं `Dr` कोणी डेबिट म्हणून वाचत नाही.

आता कॅपिटलचं. या मुद्द्यात थोडं खरं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. ब्रिटनचं टपालखातं गावाचं नाव कॅपिटलमध्ये मागतं. परदेशी पत्रावर गाव आणि देश मोठ्या अक्षरांत लिहायची शिफारस आहे. अमेरिकेचं टपालखातं तर अख्खा पत्ता मोठ्या अक्षरांत पसंत करतं. पण तेच अमेरिकन खातं पत्त्यातली विरामचिन्हं गाळायलाही सांगतं, आणि ब्रिटिश टपालालाही ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नको असतात. म्हणजे ज्या पद्धतीत कॅपिटल मागतात, तिच्यात `DR.` मधलं टिंब बसत नाही. निरोपाची दोन वाक्यं एकाच पाकिटावर एकमेकांच्या विरोधात जातात. खानापूरचा एक पत्ता घेऊ, नाव आणि घर क्रमांक उदाहरणापुरते. आपल्या नेहमीच्या रीतीने तो असा:

```
Dr S. M. Patil
H. No. 45, Station Road
Khanapur 591302
Dist Belagavi, Karnataka
```

आणि अख्खा कॅपिटलमध्ये, टपालाच्या त्या रीतीने:

```
DR S M PATIL
H NO 45 STATION ROAD
KHANAPUR 591302
DIST BELAGAVI KARNATAKA
```

दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही पोहोचतील. पोहोचवणारी गोष्ट तिसऱ्या ओळीतले सहा आकडे आहेत. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने तो आखला, आणि तो आखण्यामागचं एक कारण हेच होतं की देशात एकाच नावाची गावं पुष्कळ आहेत आणि पत्ते वेगवेगळ्या भाषांत लिहिले जातात. पहिला आकडा विभागाचा. आपल्याकडे 5, महाराष्ट्रात 4. पहिले तीन मिळून कुठल्या भागाची छाननी ते ठरतं, म्हणून जिल्ह्यातल्या गावांचे पिन 591 ने सुरू होतात आणि बेळगाव शहराचे 590 ने. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे.

हे आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना किती लागतं ते एका पत्रिकेने मला शिकवलं. माझ्या एका गिऱ्हाइकाने पुण्याहून खानापूरच्या मामांना पत्रिका पाठवली. पत्ता सुवाच्य, सगळा कॅपिटल, `MR.` पुढे टिंबसुद्धा. जिल्हा नव्हता आणि पिन नव्हता. खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही आहे, त्याचं मुख्य ठिकाण विटा. पत्रिका तिकडे गेली, फिरून आली आणि मामांच्या हातात पडली तेव्हा लग्न होऊन आठवडा झाला होता. `KHANAPUR` कितीही ठळक लिहिलं तरी ते कुठल्या राज्यातलं हे त्यातून कळत नाही. पहिला आकडा 5 असता तर पत्रिका कृष्णेच्या त्या बाजूला गेलीच नसती. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं अधिकृत नाव बदललं तेव्हाही हेच दिसलं. जुन्या पाकिटांवर `Belgaum`, नव्यांवर `Belagavi`, पिन तोच, पत्रं पोहोचत राहिली.

मग कॅपिटलची सक्ती कुठून आली? हाताने भरायच्या फॉर्मवरून. तिथे एका चौकोनात एक अक्षर असतं आणि जोडून काढलेली लहान अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून ब्लॉक लेटर्स मागतात. तिथे ती सूचना पाळायलाच हवी. पण तिथेच या निरोपाने खरं नुकसान होऊ शकतं. पॅनच्या अर्जात नावाच्या चौकोनांत श्री, श्रीमती, कुमारी, डॉ., मेजर असं काही लावू नका अशी स्पष्ट सूचना आहे. उपाधीसाठी वेगळी खूण करायची जागा असते. माझ्या भाचीने खातं उघडायच्या एका अर्जात हौसेने पहिल्याच चौकोनापासून `DR` लिहिलं. खातं उघडलं ते त्याच नावाने. मग आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळेना, आणि ते सरळ करायला तिला तीन वेळा खेपा घालाव्या लागल्या. टिंब असतं किंवा नसतं तरी खेपा तेवढ्याच पडल्या असत्या.

त्या डॉक्टरीणबाईंना मी लेटरहेडची मराठी आणि इंग्रजी ओळ शेजारी ठेवून दाखवली. मराठीत `डॉ.` टिंबासह होतं, इंग्रजीत `Dr` टिंबाशिवाय, आणि खाली पत्त्यातही एकच रीत पाळलेली. पिन मात्र छापायचा राहिला होता. तो त्यांच्याही लक्षात आला नव्हता आणि माझ्याही. दोन हजार कागदांवर दवाखान्याच्या शिक्क्याखाली मी तो दुसऱ्या दिवशी जादा छपाईत घालून दिला.