नोटिशीआधी एक गेज तपासा

प्रतिक्रिया: «सर, माल खराब म्हणून ग्राहकाने पैसे अडवले की तुम्ही म्हणता, एकत्र तपासणीला बोलवा. म्हणजे आपणच आपल्या कामावर शंका घेतल्यासारखं झालं. सरळ नोटीस ठोकावी. तुमचा सल्ला कचखाऊ वाटला.»

उद्यम नोंदणी असलेले आपल्यासारखे लघुउद्योजक अडकलेल्या पैशांसाठी शेवटी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातात. २००६च्या एमएसएमई कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तिथेही पहिली पायरी समेटाचीच असते, तो फसला तर लवाद. मग तीच पायरी माल अजून समोर पडलेला असताना का चढू नये?

माझ्यावर वेळ आली ती ६०० बुशांच्या लॉटवर. बोअर २५ एच-७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. दर २१० रुपये. ग्राहकाने ‘बोअर मोठं’ म्हणून अख्खं १,२६,००० चं बिल थांबवलं. मी भांडलो नाही, पत्र लिहिलं: आमचे हक्क अबाधित ठेवून सात दिवसांत संयुक्त तपासणी करू. ड्रॉइंग पीओवर लिहिलेल्या रिव्हिजनचंच. दोन्हीकडची मापनसाधनं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसह टेबलावर. ५० नग तुमच्या माणसाने पेटीतून हवे तसे उचलायचे. एकमत झालं नाही तर वादाचे नग सील करून एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबकडे, आणि ज्याचं म्हणणं चुकेल त्याने फी द्यायची. तोपर्यंत मालाला कोणी हात लावायचा नाही.

त्यांच्या नो-गो प्लगने, म्हणजे चांगल्या बोअरमध्ये शिरूच नये अशा गेजने, ५० पैकी ११ नग नापास केले. तेच नग सेटिंग रिंगवर जुळवलेल्या थ्री-पॉइंट मायक्रोमीटरने मोजले, तर २५.०२१ च्या वर फक्त दोन निघाले. नो-गो झिजून बारीक झाला होता, म्हणून २५.०१८ चं चांगलं बोअरही त्याला आत घेत होतं. तो प्लग मोजल्यावर त्यांच्या क्वालिटीवाल्यानेच तो बाजूला ठेवला. नोटीस पाठवली असती तर तो प्लग माझ्यासमोर कधीच आला नसता.

पण दोन नग माझेच चुकले होते, हेही तिथेच कळलं. मग सगळे ६०० तपासले. २२ खरोखर बाद निघाले, त्यांचे ४,६२० वजा करून १,२१,३८० रुपये मिळाले.

एक गोष्ट मात्र सांभाळा. कायद्याप्रमाणे ग्राहकाने डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायला हवी, नाही तर माल स्वीकारला असं धरतात. हरकत त्यानंतर आली असेल तर पत्रात ती तारीख स्पष्ट लिहा आणि मगच तपासणी सुचवा, म्हणजे बोलवलं म्हणून तो मुद्दा सोडला असं होत नाही. ज्या रकमेवर वाद नाही ती लगेच द्या, हे वाक्यही त्याच पत्रात टाका.

आणि सात दिवस उलटूनही समोरचा तपासणीची तारीखच देत नसेल, तर मीही तुमच्याच बाजूचा. नोटीस पाठवा, सोबत हे पत्र जोडा.