नुसता पत्रिकेचा फोटो आला की

लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेचा फोटो येतो. सोबत एक अक्षर नसतं. आपण हात जोडल्याची खूण टाकून मोकळे होतो, आणि पाठवणारा उत्तराची वाट बघत बसतो.

माझं मत असं की आधी कोणी पाठवलाय ते बघावं. मुलाच्या किंवा मुलीच्या घरच्यांनी पाठवला असेल तर ते सरळ आमंत्रण आहे. त्यांना फोन करावा, निदान किती जण येणार ते तरी कळवावं. जेवणाची पानं त्यावर ठरतात. ऑफिसातल्या तमिळ सहकाऱ्याने पाठवला असेल तर त्याला मजकूर समजून हवाय. अशा वेळी कुलदैवतापासून किलबिलपर्यंत सगळं उलगडू नका. कोणाचं लग्न, कधी, कुठे, आणि आहेर घेणार आहेत का, एवढं पुरे. 'कृपया आहेर आणू नये' छापलं असेल तर भेटवस्तू सुचवायचा प्रश्नच मिटला.

पण समजा, नाशिकच्या मावशीने पाठवलाय. मराठी तिला वाचता येतं, आहेराचं तर तीच चार जणांना सांगेल. तिला बहुधा 'कसं जायचं' हे हवंय. गोंधळ होतो तो इथेच. पत्रिकेवर दोन-तीन पत्ते असतात. नावाखालचं 'मु. पो.' म्हणजे मूळ गाव, 'ह. मु.' म्हणजे सध्याचं घर. लग्न बहुधा यातल्या कुठेच नसतं. 'विवाहस्थळ' लिहिलेली ओळ शोधा, ती बहुतेक तळाशी असते.

तिथे 'वडगाव बु., ता. हवेली' असेल तर ते पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. नुसतं 'वडगाव' टाकलं तर नकाशा वडगाव मावळही दाखवेल, आणि ते लोणावळ्याच्या वाटेवर, तळेगावच्या पुढे आहे. म्हणून तालुका वाचल्याशिवाय लोकेशन पाठवू नये. 'बु.' आणि 'खु.' हेही नीट बघावं. एकाच नावाची दोन गावं असतात ती. कार्यालयाचं नाव शोधून भागत नाही, साई नावाची मंगल कार्यालयं गल्लोगल्ली आहेत. खात्री नसेल तर पत्रिकेवरच्या नंबरवर फोन करून लोकेशन मागवा.

वेळेचंही तसंच. 11 वा. 47 मि. ही अक्षता पडायची वेळ, पोचायची नव्हे. नाशिकहून वाटेतला चहा धरून पाच-सहा तास जातात, म्हणजे मावशीला पहाटे पाचला निघावं लागेल. तारीख आणि वार जुळतात का तेही कॅलेंडरवर बघा. जुळत नसतील तर छपाईत चूक आहे, फोन केल्याशिवाय तिकीट काढू नका. हळद आणि स्वागत समारंभ बऱ्याचदा आतल्या पानावर असतात, आणि फोटो बहुतेकदा एकाच पानाचा येतो.

एवढं बघून झालं की मावशीला एकच प्रश्न टाका: "गाडीने जाणार की एसटीने? त्याप्रमाणे रस्ता सांगतो." तिला दुसरंच काही हवं असेल तर ती तिथेच सांगते, "अरे, रस्ता नको, पाकिटात किती घालू ते सांग."