शेवटचे वीस चढले, पहिले वीस घसरले: त्या आकड्यांतून काय सिद्ध होते?

«आमच्या केंद्रातल्या पाचवीच्या दोनशे मुलांची 100 गुणांची सराव चाचणी घेतली. सर्वांत मागच्या वीस मुलांना सक्त ताकीद देऊन महिनाभर जादा तास घेतले. त्यांची सरासरी 24 वरून 33 झाली, आणि वीसपैकी सोळा जणांचे गुण वाढले. पहिल्या वीस मुलांचा सत्कार केला, तर त्यांची सरासरी 76 वरून 68 वर आली. म्हणजे धाक दाखवला की मूल सुधारते आणि पाठ थोपटली की बिघडते. सर्व शिक्षक-पालकांपर्यंत पोहोचवा.»

सांगली जिल्ह्यातल्या शिक्षक-पालकांच्या गटांवर हा संदेश सध्या फिरतो आहे. आकडे खरे आहेत असे मी धरून चालतो. माझा आक्षेप त्यांतून काढलेल्या निष्कर्षांवर आहे.

आधी मागच्या वीस मुलांकडे पाहू. एका चाचणीतले गुण म्हणजे त्या मुलाची तयारी आणि त्या दिवशीचे बरेवाईट योग यांची बेरीज असते. चार पर्यायांच्या प्रश्नपत्रिकेत न येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने दिली जातात, आणि हे अंदाज एका दिवशी पुष्कळ बरोबर येतात, तर दुसऱ्या दिवशी फारच थोडे. कोणाला ताप असतो, कोणाचे आदल्या रात्री गावच्या जत्रेत जागरण झालेले असते, कोणाला नेमका न वाचलेला उतारा येतो. दोनशे मुलांतून तळाचे वीस निवडताना आपण ज्यांची तयारी कमी आहे त्यांना तर निवडतोच, पण त्यांच्याबरोबर ज्यांचा तो दिवस वाईट गेला अशांनाही निवडतो, कारण बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय मूल इतके खाली जात नाही. दुसऱ्या चाचणीत तयारी तशीच राहिली तरी सर्वांचेच दुर्दैव पुन्हा ओढवत नाही, म्हणून या गटाची सरासरी जादा तासांशिवायही वर येते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

ही वाढ किती अपेक्षित होती, ते संदेशातल्याच आकड्यांवरून काढता येते. 24 आणि 76 यांच्या मधोमध 50 येतात. गुणांची विभागणी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर केंद्राची सरासरी तेवढीच असणार. पहिले वीस सरासरीपेक्षा 26 गुणांनी वर होते आणि दुसऱ्या वेळी 18 गुणांनी वर राहिले, म्हणजे मूळ अंतरापैकी साधारण सात दशांश टिकले. दोन चाचण्यांमधला सहसंबंध 0.7 असला की हेच घडते, आणि शालेय चाचण्यांसाठी हा आकडा मुळीच अस्वाभाविक नाही. आता हाच हिशेब खालच्या गटाला लावा. ती मुले 26 गुणांनी खाली होती. दुसरी प्रश्नपत्रिका तितकीच अवघड असेल तर ती 18 गुणांनी खाली राहायला हवीत. 50 मधून 18 गेले, उरले 32. संदेशात 33 आहेत. महिनाभराच्या जादा तासांच्या पदरात टाकण्यासारखा एकच गुण उरतो, आणि वीस मुलांच्या सरासरीत दोन-अडीच गुणांचा चढउतार नुसत्या योगायोगाने होत असतो.

वीसपैकी सोळा हा आकडा वाचकाला सर्वाधिक पटतो, कारण एवढी मुले योगायोगाने कशी वाढतील असे वाटते. नाणेफेकीप्रमाणे दहाच वाढायला हवी होती, हे गृहीतच चुकीचे आहे. तळाच्या गटाकडून सरासरी आठ गुणांची वाढ अपेक्षित असेल आणि एकेका मुलाच्या गुणांत त्याभोवती दहा-अकरा गुणांचा चढउतार असेल, तर पंधरा किंवा सोळा मुले वाढलेली दिसणे हेच अपेक्षित आहे.

सत्काराने मुले बिघडली, हा निष्कर्ष मला या संदेशातला सर्वांत घातक वाटतो. वरच्या वीस जणांत चांगली तयारी असलेल्यांबरोबरच ज्यांचे अंदाज त्या दिवशी बरोबर आले असेही होते, आणि ते दुसऱ्या वेळी खाली आले. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्राएलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांनी नेमके हेच सांगितले होते: उत्तम कसरतीबद्दल कौतुक केले की पुढची कसरत बिघडते, आणि वाईट कसरतीवर ओरडले की सुधारते. कानेमन यांनी प्रशिक्षकांनाच पाठीमागच्या एका खुणेकडे न पाहता दोनदा नाणे फेकायला लावले. पहिल्यांदा ज्यांचे नाणे खुणेच्या जवळ पडले होते त्यांतले बहुतेक जण दुसऱ्यांदा मागे पडले, आणि लांब पडलेले बहुतेक सुधारले. कोणाचे कौतुक झाले नव्हते, की कोणाला बोलणी बसली नव्हती. शिक्षक शिक्षा करतो ती मूल तळाला असताना आणि शाबासकी देतो ती मूल शिखरावर असताना, त्यामुळे अनुभव त्याला वर्षानुवर्षे शिक्षेच्या बाजूनेच साक्ष देत राहतो. म्हणूनच असा संदेश पुढे पाठवण्याआधी थांबायला हवे.

यावर कोणी म्हणेल की धाक आणि सत्कार यांचा परिणाम झालाच नाही, हे तरी कशावरून? ते ताडून पाहण्याची एक सोपी रीत आहे. सर्व दोनशे मुलांचे दोन्ही चाचण्यांचे गुण घ्या आणि यादी उलटी वाचा. दुसऱ्या चाचणीत जे वीस तळाला आहेत, त्यांचे पहिल्या चाचणीतले गुण पाहा. त्यांची आधीची सरासरीही 32 च्या आसपास निघाली, तर तीच हालचाल काळाच्या उलट दिशेनेही दिसते असे ठरेल, आणि नंतर दिलेली ताकीद आधीच्या गुणांवर परिणाम करू शकत नाही. 1886 साली फ्रान्सिस गाल्टन यांनी उंचीच्या अभ्यासात हेच दाखवले होते. उंच आईवडिलांची मुले सरासरीने त्यांच्याइतकी उंच नव्हती, आणि उंच मुलांचे आईवडीलही त्या मुलांइतके उंच नव्हते. दुसरी खूण म्हणजे गुणांचा एकूण पसारा. सगळी मुले खरोखरच मध्याकडे सरकली असती तर तो आक्रसला असता; नुसते परतणे असेल तर तो पहिल्याइतकाच राहतो, कारण रिकाम्या झालेल्या टोकांवर दुसरी मुले जाऊन बसतात.

जादा तास निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. या आकड्यांवरून ते कळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. तळाचा गट परतल्यानंतरही सरासरीपेक्षा सतरा गुणांनी मागे आहे, आणि त्या मुलांना मदतीची गरज आहेच.

मदतीचा परिणाम मोजायचा असेल तर तळाची चाळीस मुले घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात. वीस जणांचे तास या महिन्यात घ्यावेत, उरलेल्या वीस जणांचे पुढच्या महिन्यात, आणि मधल्या चाचणीत दोन्ही गटांची तुलना करावी. परतणे दोन्ही गटांत सारखेच होईल, म्हणून उरलेला फरक तासांचा असेल. मात्र वीस-वीस मुलांत सहा-सात गुणांपेक्षा लहान फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नाही, तेव्हा दोन-तीन केंद्रांनी मिळून हे करणे बरे. चिठ्ठ्या टाकणे नको असेल तर एका चाचणीवरून मुले निवडावीत, तास सुरू होण्याआधी त्यांची दुसरी चाचणी घ्यावी आणि वाढ त्या दुसऱ्या चाचणीपासून मोजावी. परतण्याचा बहुतेक भाग तोवर होऊन गेलेला असतो. संदेश पाठवणाऱ्या शिक्षकांकडे सर्व दोनशे मुलांचे गुण असतीलच. नावे काढून ते दोन रकाने त्यांनी गटावर टाकावेत, म्हणजे उलट्या यादीची तपासणी कोणालाही तासाभरात करता येईल.